मामांचं पत्र, सोलापूरचा होकार आणि मधे व्हॉट्सअॅप : सौदा झाला का नाही?

महालवाला_भाचा | १८ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कायद्यातलं कळणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतोय, घरात चार दिवस यावरून नुसता गोंधळ चालू आहे.

माझ्या मामांचा नागपूरला महालात छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, पावतीबुकं, असली कामं. जुनं एक ऑफसेट मशीन विकायचं होतं. सोलापूरच्या एका छापखानेवाल्यांनी पूर्वी विचारून ठेवलेलं. मामा जुन्या वळणाचे, पैशाचा व्यवहार कागदावरच पाहिजे असा हट्ट, त्यामुळे लेटरहेडवर पत्र आणि स्पीड पोस्ट. पुढचं सगळं तारखेनुसार लिहितो:

३ मार्च : मामांनी पत्र टाकलं. मशीन ३,४०,००० ला देतो, होकार असेल तर पत्राने कळवा, १५ मार्चपर्यंत थांबतो.
६ मार्च : पत्र सोलापूरला मिळालं.
७ मार्च : इथल्याच एका माणसाने ३,८०,००० सांगितले. मामांनी संध्याकाळी सोलापूरला दुसरं पत्र टाकलं, की पहिला प्रस्ताव रद्द समजा.
८ मार्च : सकाळी ११:४२ ला सोलापूरवाल्यांनी होकाराचं पत्र स्पीड पोस्टने केलं, पावती आहे त्यांच्याकडे. पत्रावर तारीख मात्र ७ ची आहे.
१० मार्च : मामांचं रद्दचं पत्र सोलापूरला पोचलं.
११ मार्च : संध्याकाळी ७:१२ ला सोलापूरवाल्यांचा मामांना व्हॉट्सअॅप : "होकाराचं पत्र पाठवलं आहे पण ते रद्द समजावे, आमचा विचार बदलला." मामांनी लगेच वाचला.
१२ मार्च : मामांनी मशीन इथल्या माणसाला ३,८०,००० ला देऊन टाकलं.
१३ मार्च : सोलापूरवाल्यांचा फोन, की नाही नाही, आम्हाला मशीन हवंच आहे, तुम्ही ८ तारखेलाच बांधले गेलात.
१५ मार्च : मधे धुळवड, होकाराचं पत्र मामांच्या हातात पडलं.

आता ते वकिलाकडून नोटीस पाठवतो म्हणताहेत, तसलं मशीन बाहेर साडेचार लाखाला आहे म्हणून वरचे १,१०,००० मामांनी द्यावे. मामी म्हणते देऊन टाका, कटकट नको. मामा म्हणतात मी तर ७ लाच रद्द केलं होतं, माझा संबंध संपला. कोण बरोबर?

---

तर्रीवाला | रात्री ९:५२

२०२५ मध्ये मशीनच्या सौद्याला स्पीड पोस्ट! मामांना साष्टांग नमस्कार सांग भाऊ.

---

इतवारीचा_बंड्या | रात्री १०:०३

आमच्या इतवारीत हे सगळं एका फोनवर झालं असतं आन् भांडण पण त्याच फोनवर झालं असतं. पण मामा बरोबर आहेत ना, ७ ला रद्द केलं, समोरच्याने ८ ला होकार दिला. रद्द आधी, होकार नंतर. शिंपल.

---

एलएलबी_तिसरं_सेम | रात्री १०:२०

बंड्याभाऊ नाही, तिथेच सगळे फसतात. रद्द करण्याचं पत्र टाकलं म्हणजे रद्द झालं असं होत नाही, ते समोरच्याला कळावं लागतं. होकाराच्या पत्राचं मात्र उलटं, पोस्टात टाकलं की झालं. हा नियम १८१८ च्या अॅडम्स विरुद्ध लिंडसेल पासून आहे, लोकरीचा सौदा होता, पत्र चुकीच्या पत्त्यामुळे उशिरा पोचलं, तोवर लोकर दुसऱ्याला विकली, तरी कोर्टाने सौदा झाला धरला. त्यामुळे इथे ८ मार्चला ११:४२ ला करार पूर्ण, दोघंही बांधले गेले. नंतरचा व्हॉट्सअॅप वगैरे निरर्थक. मामांनी पैसे द्यावे लागतील असं माझं मत.

---

महालवाला_भाचा | रात्री १०:२६

अरे बापरे. हे मामांना सांगू का नको?

---

वसुधा_गोखले_धरमपेठ | रात्री १०:४१

आमच्याकडेही अस्संच झालं हो. मुलाने नोकरीचा राजीनामा दिला, दोन दिवसांनी परत मागे घेतला, तर कंपनी म्हणते स्वीकारला गेला. खूप मनस्ताप झाला. पोस्टाने दिला नव्हता, मेलने दिला होता. तरी लक्षात ठेवा, लेखी काही देताना शंभरदा विचार करावा.

---

इतवारीचा_बंड्या | रात्री १०:४४

काकू, ते राजीनाम्याचं वेगळं असतं, त्यात नोकरीचे नियम आणि लागू व्हायची तारीख येते. इथे मशीन आहे 😄

---

कलमदान | १९ मार्च, सकाळी ७:१५

सकाळी कोर्टात जायच्या आधी लिहितोय, त्यामुळे थोडं घाईत.

तिसऱ्या सेमवाल्यांनी अर्धं बरोबर सांगितलं आणि उरलेलं अर्धं इंग्लंडचं सांगितलं. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे आणि त्यातलं कलम ४ इंग्लंडसारखं नाही. आपलं कलम एकाच पत्राला दोन वेगवेगळ्या घड्याळांवर मोजतं. होकाराचं पत्र पोस्टात पडलं, म्हणजे पाठवणाऱ्याच्या हातातून सुटलं, की प्रस्ताव देणारा बांधला जातो. पण होकार देणारा स्वतः तेव्हा बांधला जात नाही. त्याला बांधायला ते पत्र प्रस्ताव देणाऱ्याच्या माहितीत यावं लागतं. मधला जो काळ आहे, पत्र मेलबॅगेत फिरत असतं तो, त्यात एक बाजू अडकलेली आणि दुसरी मोकळी. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलेलं आहे, कलम ५ च्या उदाहरणात घराच्या विक्रीचाच दाखला देऊन लिहिलंय की अ ला प्रस्ताव मागे घेता येतो ब पत्र टाकेपर्यंत, आणि ब ला होकार मागे घेता येतो ते पत्र अ ला मिळेपर्यंत.

आता तारखा लावा.

मामांचं ७ चं पत्र. रद्द करणं समोरच्यावर लागू होतं ते त्याला कळल्यावर, म्हणजे १० ला. तोवर ८ ला ११:४२ ला होकार पोस्टात पडलेला. म्हणून मामांना उशीर झाला. "मी आधी पत्र टाकलं" याला काही किंमत नाही. अगदी असाच खटला इंग्लंडमध्ये १८८० मध्ये झालाय, बर्न विरुद्ध व्हॅन टिएनहोवेन. कार्डिफहून न्यूयॉर्कला पत्र्याच्या १००० पेट्यांचा प्रस्ताव १ ऑक्टोबरला गेला, ८ ला रद्दचं पत्र गेलं, ११ ला न्यूयॉर्कवाल्यांना प्रस्ताव मिळाला आणि त्यांनी तारेने होकार दिला, रद्दचं पत्र पोचलं २० ला. करार झाला. इथवर इंग्लंड आणि आपण सोबत आहोत.

पण पुढे सोलापूरवाले. ते ८ ला बांधलेच गेले नव्हते. त्यांचं पत्र मामांना १५ ला मिळालं, आणि त्यांनी ११ लाच व्हॉट्सअॅप करून होकार मागे घेतला, तो मामांनी वाचला. म्हणजे होकार पोचण्याआधीच संपला. करार नाही. १३ चा फोन म्हणजे मेलेला होकार उठवण्याचा प्रयत्न. मामांचा प्रस्ताव त्यांनी ११ ला एका अर्थी नाकारलाच, नाकारलेल्या प्रस्तावाला दोन दिवसांनी परत हो म्हणता येत नाही.

मामांना सांगा, पैसे द्यायचं काही कारण नाही. कारण मात्र त्यांचं ७ चं पत्र नाही, सोलापूरवाल्यांचा स्वतःचा मेसेज आहे.

---

महालवाला_भाचा | सकाळी ७:५०

दादा तुमचं तोंड गोड होवो. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणतात निकाल बरोबर पण कारण पटत नाही 😅 त्यांना ७ च्या पत्राचाच मान पाहिजे.

---

सरकीढेप | सकाळी ९:३०

खामगावकर हजर! राजेहो या विषयात आमच्या खामगावचं नाव देशाच्या कायद्यात कोरलेलं आहे हे कोणी सांगतच नाही. केडिया जिनिंग फॅक्टरीचा खटला. १९५९ मध्ये अहमदाबादच्या पार्टीने ट्रंककॉल करून सरकीची ढेप मागितली, इकडून फोनवर हो म्हटलं, ढेप गेलीच नाही, त्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला तो अहमदाबादला. आमचे लोक म्हणाले दावा खामगावला लावा, हो तर आम्ही इथून म्हटलं. गेलं सुप्रीम कोर्टात.

---

तर्रीवाला | सकाळी ९:३४

म्हणजे ढेपेचं काय झालं ते सोडून फोन कुठे ऐकू आला यावर सुप्रीम कोर्ट?

---

सरकीढेप | सकाळी ९:४१

हो नं भाऊ. आणि बहुमताने आम्ही हरलो. फोनवर होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणून अहमदाबाद. पण एक न्यायमूर्ती आमच्या बाजूने होते, हिदायतुल्ला, आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नंतर इथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. ते म्हणाले कलम ४ चे शब्द बघा, होकार तोंडातून सुटला की बोलणाऱ्याच्या हातातून गेला, म्हणजे खामगाव. नागपूरचा माणूस विदर्भाच्या बाजूने उभा राहिला असं आम्ही म्हणतो 😎

---

कलमदान | दुपारी १:२०

सरकीढेप, विदर्भाच्या बाजूने वगैरे नाही, ते कायद्याच्या शब्दांच्या बाजूने होते, पण चालू द्या. तो खटला इथे वाटतो तेवढा दूरचा नाही. बहुमताचं म्हणणं असं की पोस्टाचा नियम हा अपवाद आहे, कारण पत्र टाकल्यावर ते पोचलं की नाही हे टाकणाऱ्याला कळायची सोय नसते. फोनवर कळते, म्हणून तिथे समोरासमोर बोलल्यासारखा साधा नियम. आपल्या केसमध्ये होकार पोस्टाने आहे आणि मामांनीच पत्राने कळवा म्हटलं होतं, त्यामुळे पोस्टाचाच नियम लागतो.

---

ढोबळमानाने | दुपारी २:०५

एक शंका. मामांनी पहिल्या पत्रात "१५ मार्चपर्यंत थांबतो" लिहिलंय. मग ७ ला रद्द करायचा त्यांना अधिकार होता का मुळात? शब्द दिला म्हणजे शब्द दिला.

---

एलएलबी_तिसरं_सेम | दुपारी २:३०

याचं उत्तर मला नक्की येतं. थांबतो म्हणण्याबद्दल मामांना काही मिळालं का? विसार, टोकन, काहीही? नसेल तर ते नुसतं आश्वासन, होकार यायच्या आधी कधीही मागे घेता येतं. १५ तारखेचा उपयोग एवढाच की तोवर होकार आला नाही तर प्रस्ताव आपोआप संपतो. सोलापूरने ५००० रुपये थांबण्यासाठी म्हणून दिले असते तर गोष्ट वेगळी.

आणि कलमदान सर, ४ मधला फरक आमच्या नोट्समध्ये एका ओळीत होता, तुम्ही म्हणता तसा दोन घड्याळांचा तक्ता काढून बघितला तर लगेच बसतो. पण मग होकार देणाऱ्याची चांदीच की! पत्र टाकायचं, समोरचा अडकला, बाजारभाव बघत बसायचं, भाव पडला तर फोन करून रद्द.

---

कलमदान | दुपारी २:४८

दोन-तीन दिवसांपुरती चांदी, हो. १८७२ मध्ये ती आठवड्याची होती आणि मागे घ्यायला तार हे एकच जलद साधन. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, तिची जागा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे ही सोय तेव्हापेक्षा आज जास्त वापरता येते. पोस्ट मागे राहिलं आणि फोन वेगवान झाला की दोघांच्या मधली फट मोठी होते.

---

निवृत्त_पोस्टबाबू | सायंकाळी ५:१०

बरीच वर्षं काउंटरवर काढली म्हणून दोन गोष्टी.

पहिली. पत्र "पोस्टात पडलं" म्हणजे काय, हे वाटतं तेवढं सोपं नसतं. पत्रावर ७ तारीख आहे पण पावती ८ ची ११:४२ ची, म्हणजे ७ ला लिहून टेबलावर किंवा गड्याच्या खिशात होतं. तोवर ते मालकाच्याच ताब्यात. लाल डब्यात टाकलं किंवा काउंटरवर घेतलं तेव्हाच सुटलं. रस्त्यात पोस्टमन भेटला, त्याच्या हातात दिलं, तर? आमच्याकडे लोक सर्रास द्यायचे, आम्ही घ्यायचोही, पण पत्रं गोळा करणं हे वाटप करणाऱ्या पोस्टमनचं काम नव्हे.

दुसरी. पाठवणाऱ्याला पत्र वाटेतून परत मागवायची सोय पूर्वीपासून होती, अर्ज करा, फी भरा, वाटप व्हायच्या आत सापडलं तर मिळेल. मग ते पाठवणाऱ्याच्या "हातातून सुटलं" असं म्हणायचं कसं? हा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

---

कलमदान | सायंकाळी ६:४०

पोस्टबाबू, दोन्ही प्रश्न कोर्टात गेलेले आहेत. पोस्टमनच्या हातात दिलेलं पत्र म्हणजे पोस्ट नव्हे, असं इंग्लंडमध्ये १९०० साली एका बँकेच्या शेअर्सच्या भानगडीत ठरलंय, कारण तुम्ही म्हणता तेच, त्याला पत्र घ्यायचा अधिकार नव्हता.

परत मागवण्याबद्दल आपल्याच सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये ओगले ग्लास वर्क्सच्या प्रकरणात लिहिलंय. ते चेकचं आणि इन्कम टॅक्सचं प्रकरण होतं, होकाराचं नव्हे, पण मुद्दा हाच. १८९८ च्या पोस्ट कायद्याखाली पाठवणाऱ्याला परत मागायचा अगदी मर्यादित हक्क आहे, आणि त्याने तो प्रत्यक्षात वापरला नसेल तर त्याच्या जोरावर पोस्ट हे पाठवणाऱ्याचं एजंट होतं असं म्हणता येणार नाही. होकाराच्या पत्राला हेच तर्कशास्त्र लावावं असं मला वाटतं. तो १८९८ चा कायदाही आता गेला, २०२३ चा नवा आलाय.

---

तर्रीवाला | सायंकाळी ६:५२

ओगले म्हणजे प्रभाकर कंदीलवाले ओगलेवाडीचे ना? आजीकडे होता. कंदिलावरून पण कायदा निघाला म्हणायचा.

---

निवृत्त_पोस्टबाबू | सायंकाळी ७:०५

भाचेबुवा, एक विचारायचं राहिलं. ते होकाराचं पत्र सोलापूरहून ८ ला सकाळी निघालं, शनिवार. रविवार सोडला तरी नागपूरला १५ ला? धुळवड १४ ला होती, ती एक दिवस खाईल, चार नाही. ट्रॅकिंग बघितलंत का? पावतीचा नंबर पाकिटावर असेल.

---

महालवाला_भाचा | रात्री ८:३०

पोस्टबाबू तुम्ही घोळ केलात 😐

ट्रॅकिंगला ११ मार्च, दुपारी १२:२० डिलिव्हर्ड दाखवतंय. मामेभावाला विचारलं. झालं असं की मामा १० ला रात्रीच होळीसाठी उमरेडला सासुरवाडीला गेले. ११ ला पाकीट छापखान्यातल्या पोराने सही करून घेतलं आणि कागदाच्या रिमांवर ठेवून दिलं, त्यावर मग बिलं आली, सॅम्पल आले. मामांनी १५ ला आल्यावर उघडलं. मशीन पण १२ ला मामेभावानेच क्रेन बोलावून उचलून दिलं, मामांचं सगळं फोनवर चालू होतं.

म्हणजे पत्र ११ ला १२:२० ला, व्हॉट्सअॅप ११ ला ७:१२ ला. आता?

---

इतवारीचा_बंड्या | रात्री ८:३३

लागली वाट.

---

एलएलबी_तिसरं_सेम | रात्री ८:४५

मग होकार आधी पोचला! सोलापूरवाले १२:२० ला बांधले गेले, मामा तर ८ पासून बांधलेले होतेच. सात तास उशिरा आलेला व्हॉट्सअॅप निरुपयोगी. करार पक्का, १२ ला मामांनी मोडला.

---

ढोबळमानाने | रात्री ८:५८

थांबा. सकाळी कलमदानांनी "माहितीत यावं लागतं" असं लिहिलंय. रिमांवर पडलेलं पाकीट मामांच्या माहितीत कसं आलं? मामा उमरेडला पुरणपोळी खात होते.

---

कलमदान | रात्री १०:१५

ढोबळमानाने यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, आणि इथे कायदाच दोन तोंडांनी बोलतो. कलम ४ च्या मजकुरात "माहितीत येईल तेव्हा" आहे. त्याखालच्या उदाहरणात मात्र "पत्र अ ला मिळेल तेव्हा". साधारणपणे मिळणं आणि कळणं एकाच वेळी होतं, म्हणून दीडशे वर्षं कुणाचं फारसं अडलं नाही. मधे सात तास आणि एक छापखान्यातला पोरगा आला की अडतं.

माझं स्वतःचं मत, धंद्याच्या पत्त्यावर धंद्याच्या माणसाने सही करून घेतलेलं पत्र मालकाला मिळालंच धरावं. नाहीतर कुणीही पाकिटं न उघडता बसून राहील.

---

निवृत्त_पोस्टबाबू | रात्री १०:३१

मला नाही पटत. आम्ही वाटप केलं म्हणजे पत्ता गाठला, माणूस नाही. वॉचमनने घेतलेली, शेजारणीने घेतलेली पत्रं मालकाला महिन्याने मिळालेली मी बघितली आहेत. कायद्याने "माहिती" हा शब्द घातला तर उगाच घातला नसेल, उदाहरण हे समजावण्यासाठी असतं.

---

सरकीढेप | रात्री १०:४०

ईमेल असतं तर? त्याला तर वाचलं न वाचलं कळतच नाही.

---

कलमदान | रात्री १०:५२

ईमेलला २००० च्या आयटी कायद्याचं कलम १३ आहे. पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या सिस्टिममध्ये गेलं की पाठवलं, आणि समोरच्याने जो पत्ता ठरवून दिलाय तिथे शिरलं की मिळालं. उघडलं का हे तिथे विचारत नाहीत. त्यावरून कागदी पत्रालाही तसंच धरावं असं कुणी म्हणू शकतं, पण कलम ४ चे शब्द तेच राहिलेत.

गंमत बघा, कोण कशासाठी भांडतंय. सोलापूरवाल्यांना पैसे हवे असतील तर त्यांना कोर्टात सांगावं लागेल की "आमचा स्वतःचा रद्दचा मेसेज उशिरा होता, तो ऐकू नका." आणि मामांना सांगावं लागेल की "माझ्याच छापखान्यात आलेलं पत्र मला माहीत नव्हतं."

भाच्या, मला एक सांग. व्हॉट्सअॅप वाचल्यावर मामांनी उत्तर काय दिलं? नुसत्या निळ्या टिका की काही लिहिलं?

---

महालवाला_भाचा | रात्री ११:०५

विचारून सांगतो, झोपले असतील.

---

महालवाला_भाचा | २० मार्च, सकाळी ६:५०

स्क्रीनशॉट मिळाला. ७:१५ ला मामा : "ठीक आहे. मग मी मशीन दुसरीकडे देतो." त्यावर ७:१८ ला सोलापूर : 👍

---

कलमदान | सकाळी ७:२०

मग रात्री एवढं टाइप कशाला केलं मी 😄

समजा पोस्टबाबूंचं खरं, पत्र १५ ला कळलं. तर ११ ला होकार वेळेत मागे घेतला गेला, करार झालाच नाही. समजा तिसऱ्या सेमचं आणि माझं खरं, पत्र ११ ला १२:२० ला मिळालं. तर करार झाला, आणि त्याच संध्याकाळी ७:१२ ते ७:१८ मध्ये दोघांनी मिळून तो सोडून दिला. कलम ६२ : दोघांनी करार मोडायचं ठरवलं तर तो पाळायची गरज उरत नाही. एकाने आम्हाला नको म्हटलं, दुसऱ्याने ठीक आहे, मग मी दुसरीकडे देतो म्हटलं, पहिल्याने अंगठा दाखवला. १२ ला मशीन गेलं ते यानंतर. दोन्ही वाटांनी सोलापूरवाल्यांच्या हातात काही येत नाही.

---

इतवारीचा_बंड्या | सकाळी ८:००

अंगठा चालतो का कोर्टात? अंगठ्याचा ठसा ऐकला होता, पिवळा अंगठा पहिल्यांदा.

---

एलएलबी_तिसरं_सेम | सकाळी ८:१४

कॅनडात २०२३ मध्ये चाललाय. शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याचा कागद फोनवर पाठवला, त्याने 👍 केलं, माल दिला नाही, कोर्ट म्हणालं ती सहीच. आपल्याला बंधनकारक नाही पण दाखवता येईल.

---

कलमदान | सकाळी ८:२५

इथे अंगठा नसता तरी मामांचं वाक्य पुरलं असतं. सोलापूरवाले स्वतःहून नको म्हणाले, त्यावर विसंबून मामांनी मशीन विकलं, आता ते फिरू शकत नाहीत. पण अंगठा आहे तर त्याचा स्क्रीनशॉट जपा, आणि फोन बदलू नका म्हणावं मामांना, मूळ चॅट फोनमध्येच राहू द्या.

---

महालवाला_भाचा | सकाळी ८:४०

आणि ते १,१०,०००? समजा उद्या कोर्टाने उलटंच म्हटलं तर तेवढे?

---

कलमदान | दुपारी १:४५

तेवढे तर नाहीच. कलम ७३ प्रमाणे नुकसान म्हणजे करार मोडला त्या दिवशीचा तशाच मशीनचा बाजारभाव वजा ठरलेली किंमत. साडेचार लाखाचं मशीन त्याच वर्षाचं, त्याच साइजचं, तेवढंच चाललेलं आहे का? ते त्यांना सिद्ध करावं लागेल. हेच मशीन १२ लाच खुल्या व्यवहारात ३,८०,००० ला गेलंय, बाजारभावाचा याहून जवळचा पुरावा कुठला? म्हणजे अगदी वाईटात वाईट ४०,०००. शिवाय सोलापूरवाल्यांनी खरंच दुसरं मशीन घेतलं का, कितीला, हेही विचारलं जाईल.

नोटीस आली तर उत्तर वकिलाकडूनच द्या, मामांना लेटरहेड घेऊन बसू देऊ नका. उत्तरात ७ च्या पत्रावर भर नको. ८ ची पावती, ११ चं ट्रॅकिंग, आणि ११ चे तिन्ही मेसेज वेळेसकट, एवढंच. पाकीटसुद्धा ठेवा, शिक्का असतो त्यावर. ट्रॅकिंग लपवायचं नाही, ते त्यांनाही दिसतंच.

---

वसुधा_गोखले_धरमपेठ | दुपारी २:१०

पण मला एक कळलं नाही, मशीन चालू होतं का बंद?

---

महालवाला_भाचा | दुपारी २:१५

चालू होतं काकू. मामांना सगळं वाचून दाखवलं. मामी खूश. मामा विचारतात, मी उमरेडवरून "ठीक आहे" लिहिलंच नसतं आणि नुसतं वाचून सोडलं असतं तर?

---

एलएलबी_तिसरं_सेम | दुपारी २:४०

मग सगळा भार १२:२० वर. मी अजूनही म्हणतो मिळालं म्हणजे मिळालं, करार झाला असता.

---

निवृत्त_पोस्टबाबू | दुपारी ३:०५

आणि मी म्हणतो नसता झाला. पोराने सही केली, मामांनी नाही. छापखान्यातल्या पोराला मामांनी टपाल घ्यायचं काम दिलं होतं का, की तो फक्त तिथे उभा होता म्हणून घेतलं, हे आधी विचारा भाचेबुवा.

---

महालवाला_भाचा | दुपारी ३:२०

विचारलं. पोरगा म्हणतो पोस्टमनने पेन दिला म्हणून सही केली.